पानाची पाठ

फोनवर बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं: “ताई, झाडाला पांढरं काहीतरी पडलंय.” पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये लोकांच्या गॅलरीतल्या झाडांची निगा राखायचं काम मी करते. कुंड्या भरणं, छाटणी, खत, पाण्याच्या वेळा बसवून देणं हे सगळं त्यात आलं. पण नवं गिऱ्हाईक येतं ते बहुधा या पांढऱ्यामुळेच. आणि फोन येईपर्यंत घरच्यांनी काही ना काही मारून पाहिलेलं असतं. कुणी भांड्यांचा साबण, कुणी कडुनिंबाचा उकळलेला पाला, कुणी ताक, कुणी हळद. “सगळं झालं करून, जातच नाही,” हे त्या फोनवरचं दुसरं वाक्य.

मी आधी फोटो मागवते, तोही पानाच्या खालच्या बाजूचा. कारण पांढरं दिसणारं सगळं एक नसतं. पेरांच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी कापूस चिकटवल्यासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण, ज्याला आता सगळे सरळ मिलीबग म्हणतात. फांदी हलवल्यावर बारीक पांढरे कण भुर्रकन उडून पुन्हा पानाखाली बसले तर पांढरी माशी. पानावर कोंड्यासारख्या कोरड्या पांढऱ्या साली पडल्या असतील तर त्या माव्याने टाकलेल्या काती, आणि खुद्द मावा वरच्या कोवळ्या शेंड्याला हिरवा किंवा काळा होऊन लगडलेला असतो. पेरूच्या किंवा जास्वंदीच्या पानाखाली मेणाची गोल गोल नक्षी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी. ही मूळची आपली नव्हे, भारतात ती १९९३ मध्ये केरळात पहिल्यांदा आढळली. आणि पानाच्या वरच्या बाजूला पीठ भुरभुरवल्यासारखे डाग असतील, बोटाने पुसले जात असतील, तर ती कीडच नाही. ती भुरी, म्हणजे बुरशी. तिथे किडीवरची ही सगळी मेहनत फुकट.

मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण या तिघांचा धंदा एकच आहे. सोंड पानात खुपसायची आणि रस ओढायचा. त्या रसात साखर भरपूर आणि त्यांना हवं ते नत्र थोडं, म्हणून ते गरजेपेक्षा खूप जास्त पितात आणि उरलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने मागून सोडून देतात. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो हाच. गॅलरीतली फरशी पायाला चिकचिक करते, खालच्या पानांवर वार्निश लावल्यासारखी चमक येते, मग त्या साखरेवर काळी बुरशी वाढून पानं काजळी धरतात, आणि मुंग्यांची रांग लागते. लोकांना काजळी दिसते आणि ते काजळी पुसत बसतात. वरच्या पानाची पाठ मात्र कुणी पाहिलेली नसते.

साबण नेमकं काय करतो हे समजलं की अर्धं काम होतं. साबण झाडाला लागू पडत नाही, तो किडीला लागावा लागतो. या किडी मऊ अंगाच्या. साबणाचं पाणी त्यांच्या कातडीवरचा मेणाचा पातळ थर फोडतं, पेशींची आवरणं बिघडवतं आणि कीड सुकून मरते. पण हे सगळं फक्त फवारा ओला असेपर्यंत. एकदा का तो वाळला की पानावर उरलेल्या साबणाला काही शक्ती राहत नाही. संध्याकाळी फवारलेल्या पानावर सकाळी येऊन बसलेल्या माशीला त्याचं काही सोयरसुतक नाही. म्हणजे जो किडा भिजला तो मेला, जो भिजला नाही तो जगला. “रोज मारतोय” असं सांगणाऱ्या घरात मी पाहते, तर फवारा रोज पानाच्या वरच्या बाजूवर बसत असतो आणि कीड खाली छत्रीत बसल्यासारखी कोरडी असते.

साबण कोणता, यावर लोक फार वाद घालतात. माझ्याकडे पोटॅशचा साबण असतो. बागकामाच्या दुकानात तो पातळ किंवा मऊ लगद्याच्या रूपात मिळतो. प्रमाण साधं: १ लिटर पाण्याला शुद्ध साबण १० ग्रॅम, म्हणजे १ टक्का. बाटलीतला साबण आधीच पाण्यात पातळ केलेला असतो, तेव्हा तिथे लेबलवरचं प्रमाण पाळायचं. कोवळ्या, पातळ पानांच्या झाडांना मी निम्म्याने सुरुवात करते. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड हे साबण नव्हेत, डिटर्जंट आहेत. त्यांनी कीड मरतेही कधी कधी, पण पानाच्या कडा करपतात, कारण ते तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेले असतात आणि पानाचं स्वतःचं मेणही ते सोडत नाहीत. नेचे, आणि ज्यांच्या पानावर राखाडी मेणाची झाक असते ती मांसल पानांची झाडं, ही तर खऱ्या साबणालाही नाजूक. त्यामुळे कोणत्याही नव्या झाडावर आधी एका फांदीला मारायचं, दोन दिवस थांबायचं, आणि डाग पडले नाहीत तर मग पुढे जायचं.

साबणाइतकंच महत्त्व पाण्याला, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. धरणातून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं, त्यात साबण छान विरघळतो. पण शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं. त्यातले क्षार साबणाला धरून त्याची साय करतात. फवारणीच्या बाटलीत पांढरे कण तरंगतात, नोझल तुंबतं, आणि किडीला लागायला साबणच उरत नाही. ओळखायचं सोपं आहे. पारदर्शक बाटलीत पाणी आणि चिमूटभर साबण घालून हलवायचं. भरभरून फेस आला आणि खालचं पाणी एकसारखं राहिलं तर चालेल. फेस जेमतेम आणि वर साय धरली तर ते पाणी सोडून द्यायचं. अशा घरी मी एसीच्या नळीतून गळणारं पाणी बादलीत साठवायला सांगते. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाचं पाणीही उत्तम.

कडुनिंबाचं काम वेगळं आहे. आणि ‘नीम’ म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी वापरतात. पाला उकळून केलेलं पाणी हा सगळ्यात दुबळा प्रकार. किडीवर काम करणारं मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, प्रामुख्याने बियांत असतं, पानात फार थोडं. म्हणून शेतात शिफारस असते ती ५ टक्के निंबोळी अर्काची. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर रस्त्यांवर पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवल्या तर वर्षभराची सोय होते. ५० ग्रॅम बियांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाणी १ लिटरपर्यंत वाढवायचं, वर साबण १ ते २ ग्रॅम. हा अर्क त्याच दिवशी वापरायचा. दुसरा प्रकार घाण्याचं निंबोळी तेल, आणि तिसरा बाजारात मिळणारं तयार अझाडिरॅक्टिन, ज्याच्या डब्यावर १५०० किंवा १०००० पीपीएम असं लिहिलेलं असतं. या दोन आकड्यांत साडेसहा पटींहून जास्त फरक आहे, त्यामुळे शेजारणीने सांगितलेलं ‘एक झाकण’ आपल्या बाटलीला लागू पडेलच असं नाही. लेबल वाचायचं.

अझाडिरॅक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही. तिची भूक मंदावते, कात टाकण्याचं चक्र बिघडतं, पिल्लू मोठं होता होता अडकतं. म्हणून निंबोळी फवारून दुसऱ्या दिवशी झाडाकडे पाहिलं तर काहीच झालेलं दिसत नाही. परिणाम चार-सहा दिवसांनी कळतो, तोही नवी पिल्लं कमी दिसण्यातून. तेलाचं आणखी एक काम आहे. त्याचा पातळ थर किडीचा श्वास कोंडतो. त्यामुळे तेलही साबणासारखंच किडीच्या अंगावर बसावं लागतं. उन्हात हे द्रव्य लवकर नासतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तेलही नको नि साबणही नको, पान भाजतं.

तेल पाण्यात मिसळताना बहुतेक घरांत गडबड होते. लोक बाटलीभर पाण्यात तेल ओततात आणि हलवतात. पाच मिनिटांत तेल वर येतं. मग फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी पडतं, आणि शेवटी उरलेलं शुद्ध तेल एखाद्या बिचाऱ्या फांदीवर. ती फांदी काळी पडली की “नीमने झाड जळलं” असं म्हणतात. खरी रीत अशी: वाटीत ५ मिली तेल आणि २ मिली पातळ साबण आधी एकत्र घोटायचं. मग चमचा चमचा कोमट पाणी घालत ढवळायचं, दुधासारखं पांढरं होईपर्यंत. मग ते १ लिटर पाण्यात ओतायचं. दहा मिनिटं ठेवून वर तेलाचा तवंग आला तर साबण कमी पडला, थोडा वाढवायचा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात हे तेल थिजतं, तेव्हा बाटली आधी गरम पाण्यात धरायची. तयार केलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवायचं नाही.

आता एका जास्वंदीची गोष्ट सांगते, कारण तिच्यात जवळजवळ सगळंच आलं. पाचव्या मजल्यावरची पश्चिमेची गॅलरी, मार्चचे दिवस, आणि घरात एक आजी. जास्वंद मोठ्या कुंडीत, चांगली छातीइतकी उंच. कळ्या धरायच्या आणि उमलायच्या आधीच गळायच्या. शेंडे आखडून गुच्छ झालेले. आजी कडुनिंबाचा पाला उकळून रोज सकाळी शिंपडत होत्या. “देवाला रोजचं फूल होतं गं, आता विकत आणावं लागतंय,” त्या म्हणाल्या.

मी आणि माझ्याबरोबर काम करणारा मुलगा, आम्ही आधी फवाऱ्याला हातच लावला नाही. मुंग्या कुठून येतात ते पाहिलं. खिडकीच्या ग्रिलवरून एक रांग थेट झाडाच्या फांदीवर उतरत होती, कारण फांदी ग्रिलला टेकली होती. मुंग्यांना चिकटा हवा असतो आणि त्या बदल्यात त्या किडीच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्या राहिल्या की बाहेरून येणारी फुकटची मदत थांबते. कुंडी भिंतीपासून आणि ग्रिलपासून हातभर पुढे ओढली. खोडाभोवती टेप गुंडाळून टेपवर व्हॅसलिनचा पट्टा ओढला. व्हॅसलिन थेट सालीला लावायचं नाही, साल खराब होते. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, पण पुण्यात डेंग्यूच्या दिवसांत साचलेलं पाणी मी कुणाच्या घरी ठेवत नाही.

मग छाटणी. आखडलेले सगळे शेंडे, कळ्यांसकट. आजींचा जीव कासावीस झाला. पण त्या शेंड्यांच्या घड्यांत पिठ्या ढेकणाच्या कापसाच्या पिशव्या होत्या आणि तिथपर्यंत कोणताही फवारा पोचला नसता. फांदी कापण्याआधी खाली प्लास्टिकची पिशवी धरली, कापलेलं थेट पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती पिशवी दिवसभर उन्हात. कंपोस्टच्या डब्यात हे टाकायचं नाही, पिल्लं चालत बाहेर येतात. उरलेल्या फांद्या नळाच्या पाईपने, तोंडाशी बोट धरून जोरदार धारेने धुतल्या. बेचक्यांत अडकलेले मोठे ढेकूण, ज्यांच्यावर मेणाचं जाड चिलखत असतं, ते इअरबडला मेडिकलमधलं स्पिरिट लावून एकेक टिपले. स्पिरिट मेण विरघळवतं. पुंजका लगेच तपकिरी किंवा लालसर होतो, तो मेल्याची ही खूण.

टिपता टिपता तो मुलगा म्हणाला, “ताई, हा बघा केवढा मोठा मिलीबग!” मी त्याचा हात धरला. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा मोठा, अंगावर लांब पांढऱ्या मेणाच्या झालरी, आणि इअरबड जवळ नेला तसा तुरुतुरु पळणारा. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि ढोसलं तरी जेमतेम सरकतो. हे होतं क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याचं अळीसारखं पिल्लू. ते पिठ्या ढेकूण आणि त्यांची अंडी खाऊन वाढतं, आणि त्यांच्यासारखंच पांढरं सोंग घेऊन त्यांच्यात फिरतं. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा कीटक भारतात १८९८ मध्ये मुद्दाम आणला गेला. ती फांदी आम्ही तशीच ठेवली, तिच्यावर फवाराही मारला नाही.

उन्हं कलल्यावर १ टक्का साबणाचा फवारा. खालून वर. नोझल पानाखाली धरून, पानाच्या टोकाहून थेंब गळेपर्यंत. मग फांद्यांची बेचकी, मग खोड, मग कुंडीची कड आणि कुंडीची बाहेरची बाजू, कारण ढेकणाच्या पिशव्या तिथेही असतात. मातीवर वर्तमानपत्र पसरलं होतं, साबणाचं पाणी मुळांत जाऊ नये म्हणून. एवढ्या झाडाला लिटरभर पाणी सहज लागतं. ज्या घरी ते पाव बाटलीत उरकतं तिथे पानाची पाठ कोरडीच राहिलेली असते.

चार दिवसांनी आजींचा फोन, “अगदी स्वच्छ झालंय.” आणि आठवड्याने पुन्हा फोन, “परत आले गं!” हे परत येणं ठरलेलंच असतं. कापसाच्या पिशवीतली अंडी साबणाला दाद देत नाहीत आणि पुढचा आठवडा-दहा दिवस ती फुटत राहतात. पण त्यातून निघणारी पिल्लं, फिकट पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढी, चालणारी, यांच्या अंगावर अजून मेण चढलेलं नसतं. किडीच्या आयुष्यातला हाच सगळ्यात उघडा काळ. ‘परत आले’ हीच दुसऱ्या फवारणीची वेळ. लोक नेमके इथे निराश होऊन सोडून देतात किंवा काहीतरी जहाल आणतात. आम्ही दर पाच-सहा दिवसांनी फवारणी चालू ठेवली, एकदा साबण, एकदा निंबोळी तेल. दर वेळी आजी नवा शेंडा भिंगातून पाहायच्या. महिना उलटल्यावर नव्या पानांवर चिकटा नव्हता, मुंग्यांची रांग मोडली होती, आणि कळी गळणं थांबलं. माझ्या लेखी झाड बरं झालं ते मुंग्या गेल्या तेव्हा. पुंजके डोळ्यांतून सुटू शकतात, मुंग्यांना चिकटा कधी सुटत नाही.

जहाल औषध का नाही, असं आजींच्या मुलाने विचारलं होतं. त्याला मी पपईचं सांगितलं. पपईचा एक परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरकडे पहिल्यांदा नोंदला गेला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला. तो पपईबरोबर तुती, जास्वंद, काहीही सोडत नव्हता. औषधांवर औषधं मारूनही तो आटोक्यात येईना. शेवटी २०१० मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळुरूतल्या कीटक संस्थेने प्वेर्तो रिकोहून आणलेली एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी सोडली. ती ढेकणाच्या पोटात अंडं घालते. ढेकूण ओसरले ते तिच्यामुळे. साबणही अंगावर पडला तर अशा मित्रांना मारतो. पण वाळल्यानंतर त्याचा धाक उरत नाही, म्हणून उद्या आलेला मित्र सुरक्षित. टिकणाऱ्या विषाचं तसं नसतं.

माव्याला एवढा प्रपंच लागत नाही. त्याच्या अंगावर चिलखत नसतं, आणि आपल्या उबदार हवेत मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लंच घालते, मध्ये अंड्याचा टप्पाच नाही. म्हणून साबण लागला तो मावा संपला. पण आठवड्याभरात पिल्लाची आई होते, त्यामुळे चुकलेले चार पुन्हा शेंडा भरतात. ढगाळ हवेत आणि नत्राचं खत जास्त झालेल्या लुसलुशीत शेंड्यांवर तो हमखास येतो. शेवंतीला, मिरचीला चार चमचे युरिया घालणाऱ्या घरी मी आधी खत थांबवते. मग पाण्याची धार, एक दिवसाआड दोन-तीनदा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. माव्याच्या घोळक्यात काही फुगलेले, कोरडे, सोनेरी-तपकिरी दिसले तर त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. त्या पानाला धक्का लावायचा नाही.

पांढरी माशी सगळ्यात चिवट. मोठी माशी फवारा जवळ आला की उडते, म्हणून भल्या पहाटे, गारव्यात ती सुस्त असताना मारायचं. पण खरं लक्ष्य ती नव्हेच. पानाखाली चिकटून बसलेली, न हलणारी, खवल्यासारखी फिकट पिल्लं हे लक्ष्य. अंड्यापासून माशीपर्यंत उन्हाळी हवेत साधारण तीन आठवडे जातात, तेवढा काळ चार-पाच दिवसांच्या अंतराने फवारणी झाली नाही तर एक पिढी मधून निसटते. पिवळे चिकट कार्ड मी लावते ते मोजायला. कार्डावरच्या माश्या आठवड्यागणिक कमी होतायत की नाही ते कळतं. कार्डाने कीड संपत नाही. आणि टोमॅटोचं पान वर वळून आखडलं, कडा पिवळ्या पडल्या, झाड खुजं राहिलं, तर पांढऱ्या माशीने विषाणू आणलेला असतो. त्यावर साबण नाही, नीम नाही. झाड उपटून पिशवीत बांधायचं, म्हणजे शेजारची मिरची-टोमॅटो वाचतात.

स्वयंपाकाच्या झाडांचं गणित निराळं, कारण ती ताटात येतात. पुदिन्यावर मावा आला की मी निंबोळी तेल वापरत नाही. त्याचा कडू वास पानाला धरतो आणि चटणीत उतरतो. पुदिना मातीपासून बोटभर ठेवून सरसकट कापायचा, बुडखे धारेने धुवायचे, नवे फुटवे निघाल्यावर सौम्य साबणाचा एक हात, तासाभराने साध्या पाण्याने धुऊन टाकायचा. पुदिना मुळांवरून दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरतो. कोथिंबिरीचं आयुष्यच महिना-दीड महिन्याचं, तिच्यावर उपचार करत बसण्यात अर्थ नाही. ट्रे रिकामा करून नवे धणे पेरायचे. कढीपत्त्याला कोवळ्या शेंड्यावर मावा आला तर शेंडा खुडून टाकायचा, झाड त्याने उलट जास्त फुटतं. मोठं झाड असेल तर फोडणीसाठी लागणारी पानं आधी काढून घ्यायची, मग फवारायचं. तयार औषध वापरलंच तर लेबलवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस मोजायचे. तुळशीच्या बाबतीत लोक फवारायला धजत नाहीत. त्यांना मी मंजिऱ्या खुडायला सांगते, कारण पिठ्या ढेकूण तिथेच दडतो, आणि बाकीचं धारेने धुवायला. उपचार म्हणून तुळशीला आंघोळ घालायला कुणाची ना नसते.

एखादं झाड सोडून द्यायची वेळही असते. माती उकरल्यावर मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरं पीठ दिसलं तर ढेकूण मुळांत उतरलेत. वरून कितीही फवारा, ते तिथे सुरक्षित. स्वस्त रोप असेल तर मातीसकट टाकायचं. जपायचंच असेल तर मुळं पूर्ण धुऊन, जुनी माती फेकून, कुंडी घासून नव्याने लावायचं. आणि रोपवाटिकेतून आणलेलं प्रत्येक नवं रोप दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या कोपऱ्यात. बहुतेक घरांत कीड वाऱ्याने कमी आणि नव्या रोपाबरोबर, नर्सरीच्या पिशवीतून जास्त आलेली असते.

माझ्या गिऱ्हाइकांना मी शेवटी एकच काम लावून देते: आठवड्यातून एकदा, पाणी घालताना, प्रत्येक झाडाची पाच पानं उलटून पाहायची. शेंड्याचं एक, मधली तीन, तळचं एक. त्या वेळी दिसलेला मावा बोटाने पुसला तरी संपतो. तोच महिन्याने दिसला तर फवाऱ्याचे चार हात लागतात, आणि फरशी चिकट झाल्यावर दिसला तर मला बोलवावं लागतं. ज्या घरांनी हे अंगवळणी पाडलं त्यांच्याकडून माझे फोन कमी झाले. धंद्याला ते बरं नाही, पण छाटणी आणि कुंड्या भरण्याचं काम त्यांच्याकडे अजून माझंच आहे.